पायाखालची थरथर

ब्रेकचे पेडल तळपायाखाली थरथरू लागले, तेव्हा मला वाटले की काहीतरी तुटले. रस्ता ओला होता, अंधार नुकताच पडला होता, गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली होती आणि माझ्याच बाजूला, दिवे न लावता, एक ट्रक उभा होता. डिपरवर ठेवलेल्या दिव्यांच्या उजेडात तो दिसला तेव्हा आमच्यात साधारण ६० मीटर अंतर उरले असावे. मी ब्रेक दाबला. क्षणभर सारे नेहमीसारखे वाटले आणि मग पेडल पायाला ढुशा देऊ लागले. बॉनेटच्या आतून खडबडीत घरघर ऐकू आली. कोणीतरी खालून बोटांनी भराभर ठोकत असावे, तसा तो स्पर्श होता. आणि मी, लाज वाटते सांगायला, पाय उचलला.

उचलला म्हणजे फार वेळ नाही, फार तर अर्धा सेकंद. लगेच पुन्हा दाबला, स्टिअरिंग डावीकडे वळवले, डावीकडची दोन चाके कडेच्या खडीवर उतरली आणि गाडी ट्रकच्या बाजूने, त्याच्या मागच्या चाकांच्याही थोडी पुढे जाऊन थांबली. कोणाला काही लागले नाही. इंजिन बंद करून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्या तीन-चार सेकंदांत गाडीने काय केले आणि मी काय केले, याचा हिशेब मात्र त्यानंतर कित्येक दिवस डोक्यात चालू राहिला. हा लेख म्हणजे तो हिशेबच आहे.

एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, ही गाडीत असते हे मला ठाऊक होते. गाडी घेताना कागदावर वाचले होते, गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर तिचा पिवळा दिवा लागून विझतो हेही रोज पाहत होतो. पण इतकी वर्षे गाडी चालवूनही ती यंत्रणा प्रत्यक्ष कामाला लागल्याचा अनुभव मला कधीच आला नव्हता. बहुतेकांचे असेच असते. नीट चालवणाऱ्या माणसाला ती वर्षानुवर्षे भेटत नाही, आणि भेटते ती नेमकी अशा वेळी, जेव्हा ओळख करून घ्यायला सवड नसते.

तिचे काम समजून घ्यायचे तर आधी टायर आणि रस्ता यांच्यात काय घडते ते पाहावे लागते. आपल्याला वाटते की ब्रेक गाडीला थांबवतो. खरे पाहता ब्रेक फक्त चाकाला थांबवू पाहतो. गाडीला थांबवतो तो रस्ता, टायर जिथे त्याला टेकलेला असतो तेवढ्या तळहाताएवढ्या जागेतून. चार चाके म्हणजे चार तळहात, आणि दीड टनाच्या गाडीची सगळी गती एवढ्याशा रबरातून जिरवायची असते. आता गंमत अशी की ही पकड सर्वांत जास्त केव्हा असते, तर चाक मोकळेपणी फिरत असताना नव्हे आणि पूर्ण थांबलेले असतानाही नव्हे. चाक फिरते आहे, पण गाडीच्या वेगापेक्षा किंचित सावकाश फिरते आहे, अशा अवस्थेत रबर रस्त्याला सर्वांत घट्ट धरते. डांबरी रस्त्यावर ही किंचित घसरण साधारण १० ते २० टक्के असते. म्हणजे गाडी ताशी ८० ने चालली असेल, तर चाकाचा परीघ ६४ ते ७२ च्या वेगाने फिरत असताना ब्रेक सर्वांत चांगला लागतो. त्यापुढे दाब वाढवत गेलो की पकड वाढण्याऐवजी ढासळते, चाक झपाट्याने मंदावते आणि एक-दोन दशांश सेकंदांत जागच्या जागी जाम होते. मग टायर रस्त्यावरून खोडरबरासारखा घासत जातो. कोरड्या डांबरावर त्याचे नुकसान मर्यादित असते, ओल्यावर बरेच जास्त.

पण जाम झालेल्या चाकाचा मोठा दोष थांबण्याचे अंतर वाढणे हा नाही. घासत जाणाऱ्या रबराला दिशा नसते. फिरणारे चाक पुढच्या दिशेने सहज गडगडते आणि आडवे सरकायला विरोध करते, म्हणून तर स्टिअरिंग वळवले की गाडी वळते. फिरायचे थांबलेले चाक मात्र नुसता रबराचा ठोकळा असते. तुम्ही ते डावीकडे वळवा की उजवीकडे, घर्षण फक्त सरकण्याच्या उलट दिशेलाच लागते. पुढची चाके जाम झालेली गाडी स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असतानाही सरळ समोर जात राहते. मागची चाके आधी जाम झाली तर त्याहून वाईट, कारण मग गाडीची शेपटी पुढे यायला बघते आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

जुन्या चालकांना हे सारे ठाऊक होते, शब्दांत नाही तरी पायात. ज्या काकांनी मला गाडी शिकवली ते सांगत, "ओल्यात ब्रेक दाबून धरायचा नाही रे, सोडायचा, दाबायचा, सोडायचा." याला ते पंप मारणे म्हणत. त्यांच्या गाडीत ते अगदी बरोबर होते. चाक जाम झाले की सोडून त्याला पुन्हा फिरू द्यायचे आणि फिरू लागले की पुन्हा दाबायचे. निष्णात माणूस सेकंदाला दोन-तीनदा हे करू शकेल. पण एका पायाखाली चार चाके असतात. एक चाक डबक्यात, दुसरे कोरड्यावर असेल, तरी पाय चौघांना एकच हुकूम देऊ शकतो.

एबीएस हेच काम प्रत्येक चाकाला वेगळे जोखून करते. चाकासोबत फिरणारे एक दातेरी कडे असते, साधारण चाळीस-पन्नास दात्यांचे, आणि त्याच्या अगदी जवळ, एखाद्या मिलिमीटरवर, एक सेन्सर बसवलेला असतो. एकेक दाता समोरून गेला की सेन्सरकडून विजेची एक लहर निघते. ताशी ८० वर चाक सेकंदाला जवळजवळ बारा फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला पाच-सहाशे लहरी येतात. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत दात्यांच्या जागी चुंबकीय पट्ट्यांचे कडे असते, पण मोजणी तीच. या लहरी एका छोट्या संगणकाकडे जातात आणि तो सतत एकच गोष्ट तपासत असतो, की एखादे चाक अशक्य वेगाने मंदावते आहे का.

हा "अशक्य" शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या यंत्रणेतला मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे. गाडी नेमकी किती वेगाने चालली आहे, हे त्या संगणकाला थेट ठाऊक नसते. रस्त्याकडे पाहणारा डोळा त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे आहेत ती फक्त चार चाकांची वचने, आणि ब्रेक लागलेला असताना चारही चाके थोडी थोडी खोटे बोलत असतात. म्हणून तो तर्क लढवतो. उत्तम टायरची गाडी कोरड्या डांबरावरही सेकंदाला फार तर ३५ किलोमीटरच्या आसपास वेग गमावू शकते, कारण घर्षण त्याहून जास्त ओढूच शकत नाही. तेव्हा एखादे चाक पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात ८० वरून ५० वर आले, तर गाडी तशी मंदावलेली असणे शक्य नाही, ती तेवढ्या वेळात जेमतेम ७ किलोमीटरने मंदावू शकेल. याचा अर्थ चाक गाडीला सोडून थांबायला निघाले आहे. चार चाकांपैकी सर्वांत वेगाने फिरणारे कोणते, ते आधीपेक्षा किती बदलले, यांवरून संगणक गाडीच्या वेगाचा अंदाज पुढे ढकलत नेतो आणि प्रत्येक चाक त्या अंदाजापेक्षा किती मागे पडले आहे ते पाहतो. निव्वळ बर्फावर चारही चाके एकदमच मंदावू लागली तर हा अंदाज बिघडू शकतो. खोटे बोलणारे चौघे एकमताने बोलले, तर न्यायाधीशाला कठीण जाते.

चाक मागे पडल्याचे लक्षात आले की काम झडपांकडे जाते. पेडलपासून चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलच्या वाटेत प्रत्येक चाकासाठी विजेवर चालणाऱ्या दोन झडपा असतात. एक आत येणारी वाट सांभाळते, ती एरवी उघडी असते. दुसरी बाहेर जाणारी, ती एरवी बंद. चाक बिथरले की पहिली झडप मिटते. आता तुम्ही पेडल कितीही जोराने दाबा, त्या चाकावरचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी झडप क्षणभर उघडते, थोडे ऑइल एका छोट्या कोठीत उतरते, पॅडची डिस्कवरची पकड सैल होते आणि चाक पुन्हा वेग धरते. ते फिरू लागले की दुसरी झडप मिटते, पहिली थोडी थोडी उघडते आणि दाब पायरीपायरीने परत चढवला जातो, चाक पुन्हा जाम होण्याच्या बेतात येईपर्यंत. हे चक्र सेकंदाला दहाच्या आसपास वेळा होते. कोठीत उतरलेले ऑइल परत वर चढवायला एक छोटा पंप असतो. तो ते तुमच्या पेडलच्याच बाजूला ढकलतो. माझ्या तळपायाला बसलेल्या ढुशा या होत्या, आणि घरघर त्या पंपाची. काही तुटले नव्हते. उलट सारे पहिल्यांदाच जसे चालायला हवे तसे चालले होते.

विमानांच्या चाकांसाठी अशी यंत्रे १९५० च्या दशकातच आली होती. ओल्या धावपट्टीवर टायर फुटू नयेत म्हणून बसवलेले डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे त्यातले नावाजलेले. ते निव्वळ यांत्रिक होते. जेन्सन एफएफ या मोटारीत तेच १९६६ साली आले. इलेक्ट्रॉनिक मेंदूची, आजच्या ओळखीची एबीएस मात्र बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासला दिली. या इतिहासाचा माझ्या ट्रकशी संबंध इतकाच, की मला पंप मारायला शिकवणारे काका तेव्हा चुकत नव्हते. त्यांची शिकवण एका यंत्रासाठी होती आणि मी ती दुसऱ्या यंत्रावर वापरली.

तिची किंमत किती पडली, हे मी नंतर कागदावर मांडले. अंतरे अंदाजाची आहेत, पण गणित साधे आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रक दिसणे, तो उभा आहे हे कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे, याला एक सेकंद धरला. सावध माणसाचा तो बराचसा खरा आकडा आहे. म्हणजे ६० पैकी २२ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपले. उरले ३८. ओल्या पण बऱ्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रतिसेकंद इतका वेग गमावते असे धरले, तर ८० वरून थांबायला ४१ मीटर लागतात. एबीएस नीट चाललेली असताना, पाय पूर्ण दाबलेला असताना, जगातले सर्व काही सुरळीत असताना मला तीन मीटर कमी पडत होते. सरळ गेलो असतो तर ट्रकवर आदळलोच असतो, सुमारे ताशी २२ ने. गाडी चेमटली असती, आतली माणसे बहुधा बरी राहिली असती.

आता त्यात माझा पाय आणा. ब्रेक लागून अर्धा सेकंद झाला तेव्हा मी सुमारे ७० ला होतो आणि तिथे अर्धा सेकंद पाय उचलला. त्या अर्ध्या सेकंदात गाडी साडेनऊ मीटर बिनब्रेकची गेली. तेवढ्याने आदळण्याचा वेग २२ वरून ताशी ४४ वर गेला असता. वेग दुप्पट म्हणजे टक्कर चौपट. तळपायाला लागलेल्या ढुशांनी दचकून मी जे केले, त्याची ही किंमत. नंतर गाडी तपासायला नेली तेव्हा मेकॅनिकने सेन्सर पाहिले, चाचणी घेतली आणि पुसलेले हात पुन्हा पुसत मला म्हणाला, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही पाय उचललात." मी त्याला तसे सांगितले नव्हते. त्याच्याकडे असे बरेच जण येत असावेत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, की ही यंत्रणा तुमच्या पायाने निर्माण केलेला दाब कमी करू शकते, वाढवू शकत नाही. तुम्ही घाबरून अर्धवट दाबलात, तर चाके जाम होण्याच्या जवळही जात नाहीत आणि एबीएस गप्प बसून राहते. पुष्कळ चालक संकटात पेडल झटकन दाबतात पण पुरेसे जोराने दाबत नाहीत, असे आढळल्यावर १९९६ पासून मर्सिडीझने ब्रेक असिस्ट नावाची वेगळी यंत्रणा आणली. ती पेडल किती वेगाने खाली गेले ते पाहून उरलेला दाब स्वतः भरते. माझ्या गाडीत ती होती की नाही, हे मी आजवर शोधलेले नाही. असलीच, तरी उचललेल्या पायापुढे तीही काही करू शकत नव्हती.

मला वाचवले ते स्टिअरिंगने. चाके फिरत होती म्हणून गाडी डावीकडे आली. सगळ्या हिशेबात एबीएसचे खरे देणे हेच आहे, आणि जाहिरातींत तेच सर्वांत कमी सांगितले जाते. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीत त्या क्षणी पुढची चाके जाम झाली असती, मी स्टिअरिंग वळवले असते आणि गाडीने ते ऐकलेच नसते. पण वळणेही फुकट नसते. टायरपाशी पकडीची एकच थैली असते. तीतले काही वळण्यासाठी काढले तर थांबण्यासाठी तेवढे कमी उरते. मी वळलो तेव्हा गाडी थोडी कमी मंदावत होती, आणि यंत्रणेने ते निमूटपणे जुळवून घेतले, बाहेरच्या चाकांवर थोडा जास्त दाब, आतल्यांवर कमी.

त्यानंतरचा सेकंद मात्र मला अजून अंगावर काटा आणतो. डावीकडची चाके कडेच्या सैल खडीवर गेली, उजवीकडची डांबरावरच राहिली. उजवीकडे पकड जास्त, डावीकडे कमी, म्हणजे उजव्या चाकांनी गाडीला जास्त मागे ओढले आणि तोंड उजवीकडे, म्हणजे थेट ट्रककडे वळू लागले. स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखे झाले. मी ते घट्ट धरून थोडे डावीकडेच ठेवले आणि गाडी सरळ राहिली. यात माझे कौतुक फारसे नाही. अशा रस्त्यावर एबीएस मुद्दाम हात आखडता घेते. मागच्या दोन्ही चाकांवरचा दाब ती ज्या चाकाला कमी पकड आहे त्याच्याच बेताने ठेवते, आणि पुढच्या चांगल्या बाजूच्या चाकावरचा दाब हळूहळू चढवते, जेणेकरून चालकाला स्टिअरिंग सावरायला थोडा वेळ मिळावा. म्हणजे काही मीटर अंतर ती स्वतःहून गमावते आणि त्याबदल्यात गाडी सरळ ठेवते. सौदा मला पटतो. पण तो सौदा आहे, हे माहीत असलेले बरे.

सैल खडीवरचा दुसरा सौदा त्याहून महाग आहे. खडीत, वाळूत किंवा ताज्या बर्फात जाम झालेले चाक आपल्यापुढे ढीग जमवते आणि तो ढीग पाचरीसारखा गाडीला अडवतो. फिरत ठेवलेले चाक त्या ढिगावर चढून पुढे जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत बहुतेक पृष्ठभागांवर एबीएसने थांबण्याचे अंतर कमी केले, पण सैल खडीवर ते सरासरी २७ टक्क्यांनी वाढले. तेव्हा "एबीएस आहे म्हणजे गाडी लवकर थांबते" हे वाक्य जसेच्या तसे कोणी म्हणाले की मी हल्ली विचारतो, कशावर?

आणि या सगळ्यात वेगाचा विषय कुठेच येत नाही, कारण झडपांच्या हातात तो नाहीच. मी तीच बेरीज ताशी ६० ने करून पाहिली. एका सेकंदाचे १७ मीटर, मग थांबायला २३, मिळून ४०. म्हणजे मी ६० ने चाललो असतो तर पंप मारला काय नि न मारला काय, ट्रकच्या आधी थांबलो असतो, आणि पाय न उचलता तर वीस मीटर राखून. आता दोन्ही बेरजा शेजारी ठेवा. दोन गाड्या बरोबरीने चालल्या आहेत, एक ६० ने, एक ८० ने, दोघींना ट्रक एकाच क्षणी दिसतो, दोघींना एबीएस आहे, दोघींचे टायर सारखे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, त्याच ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? घरी मी हा प्रश्न जेवताना विचारला तेव्हा उत्तरे २०, २५, फार तर ३० अशी आली. तो ताशी ६० असतो. पहिल्या सेकंदात ती पाच-सहा मीटर जास्त गेलेली असते, आणि घालवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ८० वरून ६० वर येण्यातच तिचे उरलेले मीटर संपतात. मी हे तीनदा करून पाहिले, कारण मलाही ते खरे वाटेना.

वळणावरही तोच वर्ग आडवा येतो. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण ओल्या रस्त्यावर साधारण ताशी ६० पर्यंतच निभते. त्यात ८० ने शिरलेल्या गाडीला वळण्यासाठीच जी पकड हवी, तेवढी टायरपाशी मुळात नसते. आत शिरल्यावर ब्रेक दाबला तर एबीएस चाके जाम होऊ देणार नाही, एवढेच. गाडी तरीही बाहेर जाईल, फिरत्या चाकांनिशी. पाण्याचा थर टायरला रस्त्यावरून उचलून धरतो तेव्हाही तेच. टायर पाण्यावर तरंगत असेल तर फिरते चाक आणि जाम चाक यांत फरक करण्याजोगे काही उरत नाही. तिथे टायरच्या खाचा किती खोल उरल्या आहेत, यावर सगळे असते. नव्या टायरच्या सुमारे ८ मिलिमीटर असतात, झिजलेल्याच्या दीड-दोन. दुचाकीवर एबीएसचे मोल याहून जास्त आहे, कारण तिथे पुढचे चाक जाम झाले की माणूस पडतोच. पण वळणावर झुकलेल्या दुचाकीला साधी एबीएस पुरत नाही. झुकाव मोजणारी, त्यानुसार दाब मोजूनमापून देणारी वेगळी यंत्रणा त्यासाठी लागते.

म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींवर एक पाहणी झाली होती. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होती, काहींना नव्हती. काही वर्षांनंतर पाहिले तर दोन्हींच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि गाडीत बसून निरीक्षण केल्यावर असे दिसले की एबीएसवाले चालक वळणे जास्त जोरात घेत होते आणि पुढच्या गाडीच्या जास्त जवळून चालत होते. ही पाहणी वाचली तेव्हा मला त्या चालकांचा राग आला नाही. ओल्या रस्त्यावर, डिपरवर, ८० ने मी चाललो होतो तो कशाच्या भरवशावर, हे मला चांगलेच ठाऊक होते. डिपरचा उजेड जेमतेम ६० मीटर पोचतो, आणि ८० ला थांबायला मला ६३ लागतात. तो ट्रक उभा नसता, तर हे तीन मीटर मला कधीच कळले नसते.

एक सवय मात्र लागली. गाडी सुरू केल्यावर एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो की नाही, हे मी पाहतो. तो तसाच पेटलेला राहिला तर साधा ब्रेक चालू असतो पण चाके जाम व्हायला मोकळी असतात, आणि त्या दिवशी काकांची शिकवण पुन्हा खरी ठरते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघते: सेन्सरवर चिखल, चाकाजवळ तुटलेली वायर, तडकलेले कडे. कडे तडकले की आणखी एक खूण दिसते. गाडी अगदी सावकाश, थांबता थांबता, पेडल विनाकारण थरथरते, कारण फटीपाशी एक लहर चुकते आणि संगणकाला वाटते की चाक जाम होते आहे.

त्या प्रसंगानंतर पहिल्या मोठ्या पावसात मी मोकळ्या मैदानाशेजारच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून ताशी ४० वर पेडल पूर्ण दाबले. ढुशा आल्या आणि पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्यांदाही तसेच झाले, जरा कमी. तिसऱ्यांदा मी दातावर दात दाबून पाय खाली ठेवला. पेडल पायाला झटके देत राहिले, पंप घरघरत राहिला, मी दाबून असतानाच स्टिअरिंग थोडे डावीकडे नेले आणि गाडी मुकाट्याने डावीकडे आली. मग, चालण्याच्या वेगाला, ढुशा एकाएकी बंद झाल्या. एवढ्या कमी वेगाला यंत्रणा आपला हात काढून घेते, नाहीतर गाडी कधी पूर्ण उभीच राहिली नसती. शेवटच्या हातभर अंतरात चाके पूर्वीच्या गाड्यांसारखीच जाम झाली, टायर ओल्या डांबरावर एकदा कुईं करून ओरडले, आणि गाडी उभी राहिली.